चित्र गायब, तरी उत्तर निघतं

झेरॉक्सवर झेरॉक्स काढलेल्या प्रश्नसंचात कधी कधी असा प्रश्न भेटतो: ‘सोबतच्या डीएनए धाग्यावरून प्रतिलेखन व भाषांतरण करा.’ खाली कोडॉनचा तक्ता शाबूत असतो, धाग्याचं चित्र मात्र गायब. अशा वेळी प्रश्न सोडून देण्याआधी कागदावर काय उरलंय ते बघावं.

एम-आरएनएची अक्षरं उरली असतील तर काहीच बिघडलेलं नाही. AUG GUG CAU असं दिसलं की साचा-धागा TAC CAC GTA हाच. A समोर T, U समोर A, G समोर C, C समोर G. दुसरं उत्तर संभवतच नाही.

फक्त अमिनो आम्लांची नावं उरली असतील तर मात्र मागे जाणारी वाट फुटत जाते. आपल्या हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीची सुरुवात घ्या: मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन, ल्युसिन, थ्रिओनिन, प्रोलिन, ग्लुटामिक आम्ल. तक्त्यात मेथिओनिनला एकच कोडॉन आहे. पुढच्यांना अनुक्रमे 4, 2, 6, 4, 4 आणि 2. गुणाकार करा, 1536! या सात आम्लांसाठी इतके वेगवेगळे डीएनए चालतील. त्यांतला ‘बरोबर’ एकच लिहा म्हणणं हा विद्यार्थ्यावर सरळ अन्याय आहे.

पण याच साखळीवरचा पुढचा नेहमीचा प्रश्न पाहा. सिकलसेलमध्ये ग्लुटामिक आम्लाच्या जागी व्हॅलिन येतं. एकच अक्षर बदललं असेल तर कोणतं? इथे चित्र लागतच नाही. ग्लुटामिक आम्लाचे कोडॉन दोन, GAA आणि GAG. व्हॅलिनचे चार: GUU, GUC, GUA, GUG. एका अक्षराच्या बदलाने GAA वरून फक्त GUA गाठता येतं, GAG वरून फक्त GUG. दोन्हीकडे मधलं A जाऊन U आलं, म्हणजे साचा-धाग्यावर T च्या जागी A. प्रत्यक्षात GAG चं GUG होतं, पण हे तक्ता सांगत नाही. त्यासाठी धागाच हवा. (पुस्तकांत या जागेला ‘सहावी’ म्हणतात, कारण सुरुवातीचं मेथिओनिन नंतर कापलं जातं आणि मोजणी व्हॅलिनपासून होते.)

व्हर्नन इंग्रॅम यांनी 1957 मध्ये हा बदल शोधला तेव्हा त्यांच्यासमोरही धागा नव्हता, नुसती प्रथिनाची तुकडेमोड होती. कोडॉनचा तक्ता तर पुरा झाला 1966 च्या सुमारास.

प्रश्न काढणाऱ्या शिक्षकांना एक विनंती. धाग्याची अक्षरं चित्रात न ठेवता ओळीतच टंकित करा, आणि 3' व 5' टोकं लिहून तो साचा-धागा आहे की त्याचा जोडीदार, हेही सांगा. नुसतं TAC CAC GTA दिलं, तर साचा मानणाऱ्याला मेथिओनिन, व्हॅलिन, हिस्टिडिन मिळेल. जोडीदार मानणाऱ्याला टायरोसिन, हिस्टिडिन, व्हॅलिन. तक्ता दोघांनाही अडवणार नाही.