वाकळ कुठे मिळेल, कधी मिळेल?

प्रदर्शनाचा हंगाम सुरू झाला की मोबाइलवर बचत गटांच्या स्टॉलचे फोटो येऊ लागतात. फोटो बहुतेक चांगले असतात. त्याखालचा मजकूर मात्र साधारण असा असतो: 'नमस्कार, आमच्या महिला बचत गटाच्या स्टॉलला अवश्य भेट द्या. दर्जेदार घरगुती वस्तू माफक दरात उपलब्ध. स्थळ: बीकेसी. वेळ: सकाळी १० ते १०.' यात खोटं काही नाही, पण हे वाचून घरातून निघालेला माणूस त्या स्टॉलपर्यंत पोचेलच याची खात्री देता येत नाही. काय विकायला आहे हेही त्याला कळलेलं नसतं.

एक उदाहरण घेऊ. सातारा जिल्ह्यातल्या एका गटाच्या बाया जुन्या सुती साड्यांच्या वाकळा शिवतात आणि त्या घेऊन 'महालक्ष्मी सरस'ला येतात. 'उमेद' अभियानातर्फे मुंबईत भरणाऱ्या या प्रदर्शनात राज्यभरातले शेकडो गट येतात. स्टॉलच्या रांगाच्या रांगा लागतात, एकाच रांगेत गोधडी, मसाला, लाकडी खेळणी असं सगळं असतं आणि शेजारीच जेवणाच्या गाळ्यांवर गर्दी उसळलेली असते. अशा ठिकाणी 'बीकेसी' एवढ्या पत्त्यावर एक स्टॉल शोधायचा म्हणजे जत्रेत माणूस शोधण्यासारखं आहे.

सुरुवात वस्तूपासून करावी, नमस्कारापासून नव्हे. इन्स्टाग्रामवर फोटोखाली आधी जेमतेम एक-दोन ओळी दिसतात, बाकीचं उघडून वाचावं लागतं. व्हॉट्सॲपवरही लांबलचक मजकूर दुमडला जातो. त्या पहिल्या ओळी 'सर्व महिला भगिनींच्या वतीने सहर्ष निमंत्रण' यात खर्ची पडल्या तर वाकळ दुमडलेल्या भागात राहते. 'दर्जेदार' हा शब्दही मी काढून टाकेन, कारण तो प्रत्येक स्टॉलवर लागतो. त्याऐवजी दर्जा कशात आहे ते सांगावं: कापड सुती आहे, आत किती थर आहेत, धावदोरा हातानं घातलाय, लांबी-रुंदी किती फूट आहे, घरी धुता येते की नाही. शहरातलं गिऱ्हाईक आपल्या पलंगाचं माप मनात धरून वाचतं. 'मोठी' आणि 'लहान' म्हटल्यानं त्याला काही कळत नाही, ७ बाय ८ फूट म्हटलं की कळतं.

इथे खरेपणा सांभाळावा लागतो. टाके हातानं घातलेत पण कडेची पट्टी मशीनवर मारली असेल, तर तसंच लिहावं. 'हातानं शिवलेली, कडा मशीनच्या' हे वाचून कुणी पाठ फिरवत नाही. सगळं हातचं म्हणून घेतलेल्या वाकळेची कड घरी उलगडून पाहिल्यावर मात्र माणूस दुखावतो. 'खादी' हा शब्दही कापड जाडंभरडं दिसतं म्हणून वापरू नये. त्या नावानं माल विकायला खादी आयोगाचं प्रमाणपत्र लागतं. जुन्या साड्यांचा रंग पहिल्या धुण्यात जाण्याची शक्यता असेल तर 'पहिल्यांदा वेगळी धुवा' हे मजकुरातच सांगितलेलं बरं.

आता ठिकाण. बहुतेक चुका इथेच होतात. महालक्ष्मी सरस पूर्वी वांद्रे रेक्लमेशनच्या मैदानावरही भरलेलं आहे. ते पश्चिमेला, आणि वांद्रे-कुर्ला संकुलातलं मैदान पूर्वेला. नुसतं 'वांद्रे' लिहिलं तर जुनं गिऱ्हाईक सवयीनं पश्चिमेला उतरतं आणि तिथून परत फिरतं. म्हणून 'वांद्रे पूर्व' हे दोन शब्द सोडू नयेत. त्यासोबत कसं यायचं याची एक ओळ द्यावी. रेल्वेनं आलात तर वांद्रे स्थानकातून पूर्वेला बाहेर पडून बस किंवा रिक्षा. मेट्रोनं आलात तर ॲक्वा मार्गिकेवरचं वांद्रे-कुर्ला संकुल स्थानक. मैदानाच्या ज्या फाटकातून आपला स्टॉल जवळ पडतो त्याचा क्रमांकही लिहावा. नकाशाची लिंक व्हॉट्सॲपवर उपयोगी पडते, पण इन्स्टाग्रामच्या फोटोखाली दिलेली लिंक दाबून उघडत नाही, तिथे शब्दांतला पत्ताच कामाला येतो.

स्टॉल क्रमांक पुष्कळदा मैदानात पोचल्यावरच हाती पडतो. म्हणून मजकूर दोनदा पाठवावा. गावाहून निघताना एक, त्यात 'स्टॉल क्रमांक पहिल्या दिवशी कळवू' असं लिहावं. स्टॉल लागला की दुसरा, क्रमांकासकट, आणि त्यासोबत ज्यात क्रमांकाची पाटी दिसते असा फोटो.

वेळेबद्दल एकच आग्रह: 'आज', 'उद्या', 'शेवटचे दोन दिवस' हे शब्द नकोत. व्हॉट्सॲपचं स्टेटस २४ तासांनी जातं, पण पुढे धाडलेला मजकूर कुठेकुठे फिरत राहतो. तिसऱ्या दिवशी तो वाचणाऱ्याचा 'उद्या' वेगळा असतो. वार, तारीख, महिना आणि वर्ष चारही लिहावेत. वर्ष यासाठी, की गेल्या साली पाठवलेला मजकूर यंदा पुन्हा वर येतो आणि लोक चुकीच्या दिवशी मैदानावर जाऊन उभे राहतात. '१० ते १०' याऐवजी 'सकाळी १० ते रात्री १०' लिहावं. शिवाय प्रदर्शनाची वेळ आणि स्टॉलची वेळ एक असेलच असं नाही. शेवटच्या दिवशी बायांना माल बांधून परतीची गाडी गाठायची असते. प्रदर्शन रात्रीपर्यंत चालू असलं तरी आपण संध्याकाळी आवरणार असू, तर ते आधीच सांगावं.

हे सगळं जमवून मजकूर असा होईल (तारखा, क्रमांक आणि किमती फक्त नमुन्यादाखल):

'जुन्या सुती साड्यांच्या, हातानं शिवलेल्या वाकळा. डबल बेडसाठी ७ बाय ८ फूट, बाळाचं दुपटं ३ बाय ३ फूट.
स्टॉल १४८, फाटक २, महालक्ष्मी सरस, एमएमआरडीए मैदान, बीकेसी, वांद्रे पूर्व.
शुक्रवार ५ ते रविवार १४ फेब्रुवारी २०२७. सकाळी ११ ते रात्री ९. रविवारी १४ ला संध्याकाळी ६ पर्यंतच.
दुपटं ४०० रुपयांपासून, वाकळ २,००० रुपयांपासून. रोख किंवा यूपीआय.
आम्ही बारा जणी मिळून शिवतो. गटाचं नाव, गाव, तालुका माण, जिल्हा सातारा. फोन: गटाचा क्रमांक.'

किंमत लिहावी की नाही यावर गटांमध्ये वाद होतात. लिहिली तर लोक येणारच नाहीत, अशी भीती असते. माझं मत लिहावी असंच आहे. वाकळेला किती दिवस लागतात हे ठाऊक नसलेला माणूस स्टॉलवर येऊन घासाघीस करतो. किंमत वाचून आलेला माणूस घ्यायच्या तयारीनं येतो. फोन नंबर मात्र एखाद्या बाईचा घरचा देऊ नये. हा मजकूर कुठवर जाईल यावर कुणाचा ताबा नसतो, आणि प्रदर्शन संपल्यावरही त्या नंबरवर वेळी-अवेळी फोन येत राहतात. गटासाठी वेगळं सिमकार्ड घ्यावं. फोटोत एखादीचा चेहरा येणार असेल तर तिला आधी विचारावं.

पाठवण्याआधी हा मजकूर बीकेसी कधी न पाहिलेल्या एखाद्या ओळखीच्या माणसाला वाचायला द्या. मग त्याला विचारा: काय घ्यायला जाशील, कुठे उतरशील, कोणत्या स्टॉलवर जाशील आणि किती वाजेपर्यंत? चारही उत्तरं त्यानं तुम्हाला काही न विचारता दिली, तरच पाठवा.