खाड्यांचा हिशेब मोबाइलवर

स्वयंपाकघराच्या दारामागच्या दिनदर्शिकेवर दुधाचे खाडे आणि कामाच्या बाईंचे खाडे शेजारीशेजारी लिहिलेले असायचे. पान उलटलं की मागच्या महिन्यातली उचल किती फिटली, हे कुणालाच धड आठवायचं नाही. आता या कामासाठी ॲप आहेत. ताईंचं नाव, पगार, कामाला लागल्याची तारीख भरायची. रोजच्या चौकोनावर हजर, गैरहजर किंवा अर्धा दिवस अशी टिचकी मारायची. उचल दिली की तीही टाकायची. महिनाअखेर देणं किती ते ॲप सांगतं, बऱ्याच ॲपमधून तशी पावती व्हॉट्सॲपवर पाठवता येते.

भानगड आहे ती भागाकारात.

आमच्याकडे भांडी, केर, लादी करणाऱ्या ताईंचा पगार 3,000 रुपये. रविवारी सुट्टी, शिवाय महिन्याला दोन खाडे भरपगारी, असं तोंडी ठरलेलं. जुलैत त्यांचे पाच खाडे झाले, म्हणजे कापायचे तीन. एका दिवसाचे किती? 30 ने भागलं तर 100 रुपये, 26 ने भागलं तर 115. हा 26 चा आकडा महिन्यातून चार रविवार वगळून येतो. ग्रॅच्युइटीच्या कायद्यातही महिन्याच्या पगारावरून दिवसाचा पगार काढताना 26 नेच भागतात. तीन दिवसांची कपात एका रीतीनं 300, दुसरीनं 346. फरक 46 रुपयांचा. घरकामगारांसाठी महाराष्ट्रात 2008 चा कल्याण मंडळाचा कायदा आहे, पण खाड्याचे किती कापायचे हे काही तो सांगत नाही. ते दोघींनी बसून ठरवायचं.

खरी चूक होते ती दोन रीतींची सरमिसळ झाल्यावर. मी घाईघाईत पगाराच्या रकान्यात ‘महिना’ऐवजी ‘रोज’ निवडलं आणि 100 रुपये भरले. जुलैचे 31 दिवस, त्यातून चार रविवार आणि पाच खाडे गेले, उरले 22. भरपगारी दोन धरून 24. ॲपनं 2,400 रुपये दाखवले, द्यायचे होते 2,700! 30 ने भागताना रविवारही पगारात धरलेले असतात आणि मी ते हजेरीतून वगळले होते. म्हणून नवीन ॲपमध्ये आधी एकही खाडा न टाकता अख्खा महिना भरून पाहावा. बरोबर 3,000 आले नाहीत, तर कुठेतरी रकाना चुकला आहे.

दुसरी तपासणी रिकाम्या चौकोनाची. तुम्ही टिचकी मारायला विसरलात, तर ॲप तो दिवस हजर धरतं की गैरहजर? गैरहजर धरत असेल, तर तुमच्या विसरभोळेपणाचे पैसे ताईंच्या पगारातून जातात. मी ‘हजर’ ठेवलं आहे. विसरले तर भुर्दंड माझा.

उचलीचंही तसंच. ताईंनी जूनमध्ये मुलीच्या शाळेसाठी 6,000 घेतले, दरमहा 1,000 कापायचे ठरलं. उचलीला हप्ता नेमून दिला नाही तर काही ॲप सगळी बाकी पुढच्याच पगारातून वळती करतात, आणि मग 2,700 मिळायच्या जागी ताईच आपलं 3,300 देणं लागतात असं पडद्यावर उमटतं. हप्ता नेमल्यावर हिशेब सरळ झाला: 3,000 वजा 300 वजा 1,000, म्हणजे हातात 1,700 आणि उचलीची बाकी 5,000. दोन्ही आकडे पावतीवर वेगवेगळे दिसायला हवेत. नुसतं ‘1,700 दिले’ असं पाहून तीन महिन्यांनी काहीच उलगडत नाही, यूपीआयच्या नोंदीतूनही नाही.

पुण्यात 1980 मध्ये मोलकरणींनी संप केला तेव्हा पगाराबरोबर सुट्टीचाही प्रश्न होता. वही कुणाच्या हातात, हा त्यातलाच एक भाग. ॲपची वही मालकिणीच्या फोनमध्ये असते. ती फोनपुरतीच असली आणि बॅकअप नसला, तर फोन बदलताना वर्षभराची उचल पुसली जाते. पावती ताईंकडे गेलेली असेल, तर निदान एक प्रत उरते.

आमच्या ताईंची स्वतःचीही दिनदर्शिका आहे. पहिली पावती त्यांना वाचून दाखवली तेव्हा त्यांनी घरून पान फाडून आणलं. त्यावर पाच गोल होते आणि चार फुल्या. गोल त्यांचे खाडे. फुल्या कसल्या, विचारलं तर म्हणाल्या, “तुम्ही गावाला गेला होता ना, ते. मी यायला तयार होते, कुलूप तुमचं होतं.”

माझ्या ॲपमध्ये फुलीसाठी चौकोन नाही. त्या चार दिवसांवर मी ‘हजर’ ठेवलं.