आयबीएस आणि खाण्याची वही: दोष शेवटच्या घासाचाच असतो का?

गैरसमज: पोट बिघडण्याआधी जे पोटात गेलं, तेच बाधलं.

आयबीएसच्या रुग्णांची सर्वात जास्त फसगत इथेच होते. एक नमुना घेऊ. शाळेत शिकवणाऱ्या एक बाई. रोज चार वाजता दुधाचा चहा, आणि पाचपर्यंत पोट इतकं फुगतं की साडीची गाठ सैल करावी लागते. चहा बाधतो, असं त्यांनी ठरवूनच टाकलेलं असतं.

पण कांदा, लसूण, गहू आणि कडधान्यं यांतली काही कर्बोदकं लहान आतड्यात पचत नाहीत. ती पुढे मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जिवाणू ती आंबवतात आणि गॅस होतो. या प्रवासाला काही तास लागतात. म्हणजे पाच वाजताच्या फुगण्याचा संशय साडेबाराच्या डब्यावर आधी घ्यायला हवा. उलट, जेवता जेवताच कळ येऊन शौचाला पळावं लागत असेल, तर तो बहुधा जेवणाने आतड्याला मिळालेला धक्का असतो. जेवण जड आणि तेलकट असेल तर तो जास्त बसतो. तेव्हा पानातला एखादा पदार्थ दोषी असेलच असं नाही.

म्हणून वहीत वेळ लिहायचीच: खाल्ल्याची वेगळी, त्रासाची वेगळी. प्रमाण वाटी-चमच्यात, त्रास शून्य ते दहामध्ये, शौच कडक, नीट की पातळ. भाजीचं नुसतं नाव पुरत नाही. ‘मटकीची उसळ, एक वाटी, वाटणात कांदा-लसूण’ असं लिहिलं तरच पुढे काही हाती लागतं. झोप, ताण आणि पाळीचे दिवस यांची नोंदही हवी. पाळीच्या सुमारास अनेकींचा त्रास वाढतो आणि आळ येतो त्या दिवशीच्या जेवणावर.

पहिले दोन आठवडे खाण्यात काहीही बदलायचं नाही, फक्त लिहायचं. बाईंच्या वहीत दोन आठवड्यांनी असं दिसलं: चहा रोजच होता, पण रविवारी वरण-भात खाल्ल्यावर पोट शांत राहिलं. गुरुवारी उपवास, डब्यात साबुदाण्याची खिचडी, तेव्हाही शांत. ज्या दिवशी डब्यात उसळ-पोळी, त्या दिवशी सहा-सात गुण. चहा निर्दोष सुटला. (आपल्याकडचा उपवास हा असा आयता प्रयोग असतो. चातुर्मासात कांदा-लसूण सोडणाऱ्या घरांत तर तो महिनोन्महिने चालतो.)

गैरसमज: वहीत जुळलं की निकाल लागला.

वही फक्त संशयित दाखवते. उसळीत कडधान्य आहे, कांदा आहे, जोडीला पोळी आहे. तिघांपैकी नेमकं कोण? त्यासाठी बाईंनी तिन्ही गोष्टी दोन-तीन आठवडे बाजूला ठेवल्या, भात-भाकरी खाल्ली आणि त्रास उतरल्याची खात्री केली. मग एका वेळी एकच परत आणली. बिनकांद्याची मटकी पहिल्या दिवशी पाव वाटी, दुसऱ्या दिवशी अर्धी, तिसऱ्या दिवशी एक. बाकी जेवण तेच. त्रास झाला तर तिथेच थांबायचं, आणि पोट शांत झाल्यावर दोन-तीन दिवसांनी पुढचा संशयित.

अर्धी वाटी मटकी पचली, पूर्ण वाटीला पोट फुगलं. दोन पोळ्यांनी काही झालं नाही. कांदा मात्र दोन चमच्यांतच बोलला.

गैरसमज: सापडलेला पदार्थ जन्मभर बंद.

आयबीएसमध्ये प्रश्न बहुतेकदा प्रमाणाचा असतो. बाईंना मटकी सोडायची गरज नाही, अर्धी वाटी चालते. त्याच जेवणात कांदा आला तर मात्र दोघांची बेरीज होते. लसणाच्या चवीसाठी एक पळवाट आहे. बाधणारं कर्बोदक पाण्यात विरघळतं, तेलात नाही. त्यामुळे पाकळ्या तेलात परतून काढून टाकल्या तर ते तेल फोडणीला चालतं. रश्श्यात शिजवून पाकळ्या वेचून काढल्या, तर उपयोग शून्य.

गैरसमज: रक्ताच्या एका चाचणीत सगळं कळतं, वही कशाला?

शेकडो पदार्थांची यादी देणाऱ्या आयजीजी चाचण्या महाग असतात आणि या कामाला निरुपयोगी. एखादा पदार्थ आपण खातो, एवढंच त्यातून फार तर कळतं. तो बाधतो, हे नाही. ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनांनीही त्या करू नका असंच सांगितलं आहे.

एक रक्तचाचणी मात्र खरोखर हवी, ती सिलिॲकची, आणि तीही गहू बंद करण्याआधी. गहू सोडल्यावर केली तर आजार असूनही ती निर्दोष येऊ शकते. शौचातून रक्त, कारणाशिवाय घटणारं वजन, ताप, रक्तक्षय, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी किंवा पन्नाशीनंतर पहिल्यांदाच सुरू झालेला त्रास, यांपैकी काहीही असेल तर वही बाजूला ठेवा आणि आधी डॉक्टरांना गाठा.