माल संपण्याआधी किती आधी, आणि मागवायचा तर किती?

‘आमच्याकडे 98 टक्के माल हजर असतो,’ असं एखादा व्यापारी सांगतो, तेव्हा त्याला लगेच विचारावं : कशाचे 98 टक्के? शंभर बेअरिंगांची मागणी आली तर अठ्ठ्याण्णव तिथल्या तिथे देता येतात, हा एक अर्थ. शंभर वेळा ऑर्डर टाकली तर अठ्ठ्याण्णव वेळा नवा माल येईपर्यंत खण रिकामा पडत नाही, हा दुसरा. आकडा एकच असला तरी या दोन अर्थांत गोदामातल्या साठ्याचा मोठा फरक पडतो, आणि बरीच दुकानं, बरीच सॉफ्टवेअरसुद्धा, पहिला अर्थ मनात धरून दुसऱ्याचं गणित करतात.

एक काल्पनिक पण रोजच्या व्यवहारातलं उदाहरण घेऊ. पुण्यातला एक बेअरिंगचा घाऊक व्यापारी आहे. त्याच्याकडे 6205 नंबरचं बॉल बेअरिंग आहे, 25 मिलिमीटर शाफ्टवर बसणारं, मोटर आणि पंपवाले सर्रास नेतात ते. वर्षाला 6,000 नग जातात. कामाचे दिवस 300 धरले तर रोजचे सरासरी 20. पण उठाव एकसारखा नाही : एखाद्या दिवशी दोनच जातात, एखाद्या दिवशी कोणी ऐंशी उचलतो. रोजच्या मागणीचं प्रमाणित विचलन 30 आहे. माल बाहेरून जहाजानं येतो. ऑर्डर दिल्यापासून गाळ्यावर उतरेपर्यंत कामाचे 36 दिवस लागतात, तोच त्याचा लीड टाइम. एका नगाची खरेदी 250 रुपये. एक नग वर्षभर सांभाळायचा खर्च, म्हणजे अडकलेल्या पैशाचं व्याज, जागा, विमा वगैरे, 50 रुपये. प्रत्येक ऑर्डरमागे कागदपत्रं, वाहतुकीचा ठरावीक भाग, हमाली, मोजणी असे 400 रुपये.

साठ्यावर सतत नजर ठेवायची, तो ठरलेल्या पातळीवर आला की ठरलेल्या नगांची ऑर्डर टाकायची, अशी ही पद्धत. ठरवायचे आकडे दोनच. कोणत्या पातळीला ऑर्डर टाकायची, म्हणजे रिऑर्डर लेव्हल. आणि एका वेळी किती नग मागवायचे.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्यानं 1913 मध्येच देऊन ठेवलं आहे. वर्षाची मागणी गुणिले ऑर्डरचा खर्च, त्याची दुप्पट, भागिले सांभाळण्याचा खर्च, आणि या सगळ्याचं वर्गमूळ. आपल्या बेअरिंगसाठी ते 310 येतं. पण हॅरिसच्या गणितात मागणी घड्याळासारखी नियमित आहे. तिथे तुटवडा हा प्रकारच नाही, त्यामुळे ऑर्डर केव्हा टाकायची याचं उत्तर त्यातून मिळत नाही.

ते उत्तर लीड टाइममध्ये दडलेलं असतं. ऑर्डर टाकल्यापासून माल येईपर्यंतचे 36 दिवस हीच धोक्याची खिडकी, कारण त्या काळात उठाव वाढला तर हातात काही उपाय उरत नाही. या खिडकीत सरासरी 720 नग जातात. विचलन मात्र दिवसांच्या पटीत वाढत नाही, दिवसांच्या वर्गमुळाच्या पटीत वाढतं : 30 गुणिले 6, म्हणजे 180. एवढे दिवस एकत्र आले की एकूण मागणी घंटेच्या आकाराच्या नॉर्मल वक्राच्या बऱ्यापैकी जवळ जाते, म्हणून तो वक्र वापरायला हरकत नाही. 720 च्या वर जो जादा साठा ठेवायचा तो सेफ्टी स्टॉक.

आता 98 टक्क्यांचा पहिला अर्थ घ्या. वर्षाच्या 6,000 नगांपैकी दोन टक्के, म्हणजे 120 नग, वेळेवर देता आले नाहीत तरी चालतील. हा झाला वर्षभराच्या तुटवड्याचा कोटा. 310 च्या ऑर्डरी टाकल्या तर वर्षात साधारण 19 खिडक्या येतात, आणि प्रत्येकीच्या वाट्याला 6.2 नगांचा तुटवडा येतो. खिडकीत सरासरी 6.2 नगच कमी पडावेत एवढा सेफ्टी स्टॉक किती, हे नॉर्मल वक्राच्या ‘लॉस फंक्शन’वरून काढता येतं. विचलनाच्या `z` पट साठा ठेवला तर सरासरी तुटवडा विचलनाच्या किती पट राहील, ते हे फंक्शन सांगतं. एक्सेलमध्ये `z` हा `A1` या चौकटीत असेल तर :

```
=NORM.S.DIST(A1,FALSE)-A1*(1-NORM.S.DIST(A1,TRUE))
```

आपल्याला हे उत्तर 6.2 भागिले 180, म्हणजे 0.0344 हवं आहे. ‘गोल सीक’ला लावलं की `z` 1.43 मिळतो. सेफ्टी स्टॉक 257, रिऑर्डर लेव्हल 977. बहुतेक जण इथेच थांबतात.

पण आपण 310 हा आकडा आधी ठरवला आणि तुटवड्याचा विचार नंतर केला. ऑर्डर मोठी केली तर वर्षातल्या खिडक्या कमी होतात, 120 नगांचा तोच कोटा कमी खिडक्यांत वाटला जातो, प्रत्येकीच्या वाट्याला जास्त तुटवडा चालतो, आणि रिऑर्डर लेव्हल खाली आणता येते. म्हणजे ऑर्डरचा आकार हासुद्धा तुटवड्यापासूनचं एक संरक्षण आहे, आणि हॅरिसच्या सूत्रानं त्याची किंमत शून्य धरली होती. दोन्ही आकडे एकमेकांवर अवलंबून असल्यामुळे ते एकदमच सोडवावे लागतात. हॅडली आणि व्हिटिन यांच्या 1963 च्या पुस्तकापासून ही मांडणी पाठ्यपुस्तकांत रुळली आहे. तिचं दुरुस्त सूत्र असं :

```
Q = m + √(E² + m²)
```

`E` म्हणजे हॅरिसचे 310. `m` म्हणजे तुटवडा पडलाच तर तो सरासरी किती नगांचा असतो. खिडकीतला सरासरी तुटवडा भागिले तुटवडा पडण्याची शक्यता, एवढंच. `m` शून्य असेल तर सूत्र पुन्हा हॅरिसवर येतं.

पहिल्या फेरीत `z` 1.43 असताना तुटवड्याची शक्यता 7.6 टक्के आहे. 6.2 ला तिनं भागलं की `m` जवळपास 81 येतो, आणि `Q` 401. आता खिडकीमागे चालणारा तुटवडा 401 चे दोन टक्के, म्हणजे 8. त्यावरून `z` 1.31 आणि रिऑर्डर लेव्हल 956. पुन्हा `m` काढला तर 84, आणि `Q` 406. आणखी एक फेरी केली की आकडे हलायचे थांबतात : 406 ची ऑर्डर, 955 ची लेव्हल.

फायदा किती? आधीच्या जोडीचा वर्षाचा खर्च, ऑर्डरी आणि सांभाळणं मिळून, 28,342 रुपये होता. आता 27,811. एका नंबरमागे पाचशे तीस रुपयांच्या आसपास. यावर नाक मुरडणारा व्यापारी मला चुकीचा वाटत नाही. खर्चाचा वक्र तळाशी सपाट असतो, त्यामुळे ऑर्डरचा आकडा थोडा इकडे-तिकडे झाला तर विशेष बिघडत नाही. पुरवठादार पेटीच्या हिशोबात 400 च देणार असेल तर खुशाल 400 घ्यावेत, फक्त त्या 400 वरून लेव्हल पुन्हा काढावी. ती 956 येते. हेच बेअरिंग लवकर येणारं असतं आणि खिडकीतलं विचलन 180 ऐवजी 60 असतं, तर बचत वर्षाला नव्वद रुपयांवर आली असती. खिडकीतलं विचलन ऑर्डरच्या आकाराच्या जवळ जाऊ लागलं, की मगच एकत्रित गणिताचे कष्ट वसूल होतात.

खरा पैसा 98 च्या अर्थात आहे. ‘शंभरातल्या अठ्ठ्याण्णव खिडक्यांत तुटवडा नको’ हा दुसरा अर्थ धरला तर `z` 2.05 लागतो आणि सेफ्टी स्टॉक 370 होतो. आपल्या उत्तरात तो 235 आहे. 135 नगांचा फरक, म्हणजे 33,750 रुपये एकाच खणात अडकले. उलट आपल्या उत्तरात दहापैकी जवळजवळ एका खिडकीत काही ना काही कमी पडणारच आहे. ते पाहून गोदामवाला घाबरतो आणि गुपचूप लेव्हल वाढवतो. म्हणून त्याला हे आधीच सांगून ठेवावं लागतं.

955 ही लेव्हल आहे, पण खणात 955 नग जवळजवळ कधीच दिसणार नाहीत. माल नुकताच उतरल्यावरसुद्धा साधारण 640 च असतील. ऑर्डर दर वीस दिवसांनी जाते आणि माल छत्तीस दिवसांनी येतो, म्हणजे वाटेत नेहमी एक किंवा दोन ऑर्डरी असतातच. लेव्हलशी ताडून पाहायचं ते हातातला माल, अधिक वाटेतला माल, वजा ग्राहकांना देणं राहिलेला माल या बेरजेला. सॉफ्टवेअर फक्त खणातला साठा बघत असेल तर ते रोज सकाळी नवी ऑर्डर सुचवेल. अशा सूचनांकडे दुर्लक्ष करायची सवय लागलेली असेल तर गडबड बहुधा इथेच आहे.

दुसरी गडबड मोठ्या गिऱ्हाइकाची. बेरीज 960 वर असताना कोणी एकदम साठ उचलले तर ती थेट 900 वर जाते आणि खिडकी 55 नग कमी घेऊन सुरू होते. गणितानं गृहीत धरलेलं असतं की ऑर्डर बरोबर 955 ला पडेल. प्रत्येक ऑर्डर टाकताना बेरीज प्रत्यक्ष किती होती हे वहीत लिहीत गेलं, तर सरासरी घसरण कळते आणि तेवढी लेव्हल वर घेता येते.

तिसरी नोंदीची. माल नसताना आलेला ग्राहक दुसऱ्या दुकानात गेला तर ती मागणी कुठेच लिहिली जात नाही. विक्रीलाच मागणी समजून सरासरी आणि विचलन काढलं तर दोन्ही कमी येतात, आणि 98 टक्क्यांचा अहवाल मात्र छान दिसत राहतो. आणि महिन्याला चार-दोन नग जाणाऱ्या बेअरिंगला नॉर्मल वक्र लावूच नये. तो तिथे उणे मागणीचीही शक्यता दाखवतो, म्हणून अशा मालाला पॉयसाँ वितरण बरं.

या सगळ्याहून महाग पडतो तो पुरवठादाराचा अनियमितपणा. 36 दिवस ही सरासरी असेल आणि तिच्यातच सहा दिवसांचं विचलन असेल, तर त्याचा वाटा 20 गुणिले 6, म्हणजे 120 नग. 180 आणि 120 यांच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की खिडकीचं विचलन 216 होतं. तेच गणित पुन्हा फिरवलं तर ऑर्डर 425 ची, लेव्हल 1,016, आणि सेफ्टी स्टॉक 235 वरून 296. हे वरचे 61 नग वर्षाला 3,050 रुपये खातात, म्हणजे एकत्रित गणितानं वाचवलेल्या रकमेच्या जवळपास सहापट. पुढच्या वेळी पुरवठादाराशी भावावर घासाघीस करताना त्याच्या गेल्या वर्षभराच्या चलनांवरच्या तारखा टेबलावर असाव्यात.