तांड्यातला फितूर: टिंबक्टूच्या वाटेवरचा शेख बाबानी

सहारा ओलांडणाऱ्या व्यापारी तांड्यात प्रत्येकाचा जीव दुसऱ्याच्या हाती असे. पुढची विहीर किती मुक्कामांवर आहे हे वाटाड्याला ठाऊक. कोणत्या टोळीच्या मुलखातून जाताना कोणाला किती द्यायचे हे म्होरक्या व्यापाऱ्याला ठाऊक. कोणता उंट किती दिवस पाण्यावाचून तग धरेल हे उंटवाल्याला ठाऊक. म्हणूनच तांड्यातल्या एखाद्या माणसाचा संशय आला, तरी त्याला हाकलून देणे सोपे नसे. ज्याचा संशय यायचा, बहुधा वाटही त्यालाच माहीत असायची. स्कॉटिश लष्करी अधिकारी अलेक्झांडर गॉर्डन लँग याने 1825-26 मध्ये त्रिपोली ते टिंबक्टू हा जो प्रवास केला, त्यात हा पेच फार स्पष्ट दिसतो.

टिंबक्टूला जाऊन परत आलेला एकही युरोपीय प्रवासी तेव्हा माहीत नव्हता. लँगने 14 जुलै 1825 रोजी त्रिपोलीत तिथल्या ब्रिटिश वकिलाची, म्हणजे हॅन्मर वॉरिंग्टनची, मुलगी एमा हिच्याशी लग्न केले आणि दोनच दिवसांत तो वाटेला लागला. सोबतीला घदामेसचा व्यापारी शेख बाबानी होता. त्रिपोलीचा पाशा युसूफ करमानली याने बाबानीची हमी घेतली होती, आणि वॉरिंग्टनचाही त्याच्यावर विश्वास बसला होता. सुमारे दहा आठवड्यांत टिंबक्टूला पोहोचवतो, असे बाबानीने सांगितले होते. सुरुवातीच्या पत्रांत लँग त्याच्याबद्दल चांगलेच लिहीत होता.

पहिला तडा गेला तो वेळेच्या हिशेबात. सरळ वाट बंडाळीमुळे बंद असल्याने तांड्याने मोठा वळसा घातला आणि सप्टेंबरच्या मध्यावर तो घदामेसला पोहोचला. सांगितलेल्या दहा आठवड्यांतले आठ पहिल्याच टप्प्यात संपले होते. वाटेत उन्हाच्या तडाख्याने लँगची उपकरणे निकामी होत गेली. घदामेस हे बाबानीचे स्वतःचे गाव. तिथे त्याची घरची आणि व्यापाराची कामे निघाली, आणि तांडा हलला तो नोव्हेंबरच्या सुरुवातीला. या दिरंगाईत खोटेपणा होताच असे नाही. वाळवंटातला व्यापारी माल, उंट आणि सोबत जमल्याशिवाय निघत नाही. पण दहा आठवड्यांचा आकडा पहिल्या दिवसापासूनच अशक्य होता आणि बाबानीसारख्या अनुभवी माणसाला ते माहीत नसणे कठीण होते.

दुसरा टप्पा इन सलाहचा. डिसेंबरच्या सुरुवातीला तांडा तिथे पोहोचला. पुढची वाट तुआरेग टोळ्यांच्या मुलखातून जात होती आणि तिथे अडकलेले व्यापारी पुढे जायला धजत नव्हते. त्यातच एक अफवा उठली की, हा गोरा माणूस म्हणजे मंगो पार्क! पार्क हा प्रवासी वीस वर्षांपूर्वी नायजर नदीतून होडीने गेला होता आणि काठावरच्या लोकांवर त्याने गोळ्या झाडल्या होत्या. त्यातच आपण जखमी झालो, असे सांगणारा एक तुआरेग इन सलाहमध्ये निघाला. पार्क 1806 मध्येच मेला होता आणि तेव्हा लँग अजून लहान मुलगाच होता. पण तारखांनी अफवा मिटत नाही. आता संशय दोन्ही बाजूंनी होता. लँगला सोबतीचा भरवसा वाटत नव्हता, आणि सोबतच्या व्यापाऱ्यांना लँगच्या सोबतीने आपल्यावर संकट येईल अशी धास्ती होती.

जानेवारी 1826 मध्ये तांडा इन सलाहहून निघाला आणि तानेझ्रूफ्त या निर्जल पठाराकडे वळला. वाटेत सुमारे वीस सशस्त्र तुआरेग त्याला येऊन मिळाले. अनोळखी हत्यारबंद माणसे जवळ आली की रात्री पहारा वाढवायचा आणि बंदुका भरून ठेवायच्या, ही तांड्याची नेहमीची रीत. बाबानीने उलट केले. आता धोका राहिलेला नाही, असे त्याने सांगितले. लँगच्या बाजूच्या हकिकतीप्रमाणे त्याने लँगच्या माणसांजवळची दारू आणि गोळ्याही काढून घेतल्या. अशी सूचना देणाऱ्या माणसाला नकार कसा द्यायचा, हाच खरा प्रश्न होता. बाबानीशी भांडण म्हणजे पाणी, वाट आणि तुआरेगांशी बोलणारा दुभाषा हे सारे एकाच वेळी गमावणे.

काही दिवसांनी, फेब्रुवारीच्या आरंभी एका रात्री, या तुआरेगांनी हल्ला केला. त्यांनी गोळ्या झाडल्या आणि झोपलेल्या लँगवर तलवारी घेऊन ते तुटून पडले. त्याचा दुभाषा आणि होड्या बांधण्यासाठी आणलेल्या दोन आफ्रिकी कारागिरांपैकी एक ठार झाला, दुसरा जखमी झाला. लँगने 10 मे रोजी वॉरिंग्टनला लिहिलेल्या पत्रात चोवीस जखमा मोजून सांगितल्या आहेत. डोक्यावर पाच, डाव्या कानशिलावर तीन, जबड्याचे हाड मोडलेले, कान फाटलेला, कमरेतून घुसून पाठीतून निघालेली गोळी, आणि उजवा पंजा तीन चतुर्थांश तुटलेला. हे पत्र त्याने डाव्या हाताने लिहिले.

बाबानीविरुद्धचा सगळ्यात बोलका पुरावा दुसऱ्या दिवशी समोर होता. बाबानीला आणि बाकीच्या व्यापाऱ्यांना धक्काही लागला नव्हता. लुटारूंनी अख्खा तांडा लुटायचा ठरवले असते, तर माल त्यांच्याकडेच जास्त होता. शिवाय तांडा थांबला नाही. जखमी लँगला उंटाला बांधून सुमारे साडेसहाशे किलोमीटर नेण्यात आले, तेव्हा कुठे कुंता अरबांच्या शेख मुख्तार यांच्या तळावर त्याला आसरा मिळाला.

तरीही फितुरी सिद्ध झाली, असे म्हणता येत नाही. बाबानीचे घर पाशाच्या हुकमतीखालच्या मुलखात होते. पाहुणा मेला तर जाब त्यालाच द्यावा लागणार होता. तुआरेगांना एकटा ख्रिस्ती हवा असेल, तर वीस तलवारींपुढे दारू देऊन बाकीचा तांडा वाचवणे, हा भेदरलेल्या व्यापाऱ्याचा सौदाही असू शकतो. संगनमत असो वा भीती, रात्री बंदुका रिकाम्याच राहिल्या असत्या. बाहेरून पाहणाऱ्याला या दोन्हींत फरक दिसत नाही. लँग टिंबक्टूला पोहोचण्याआधीच बाबानी मरण पावला, त्यामुळे त्याची बाजू कोणी नोंदवून घेतली नाही.

लँग ऑगस्ट 1826 मध्ये टिंबक्टूला पोहोचला. सप्टेंबरअखेर तो परत निघाला तेव्हा शेख अहमदू लबेदा याने त्याला सोबत देण्याचे कबूल केले होते. शहरापासून थोड्याच अंतरावर त्याच सोबत्याने त्याला ठार मारले. लँगच्या हकिकतीत खुनी म्हणून निःसंशय ओळखला गेलेला सोबती हा. संशय मात्र थेट त्रिपोलीपर्यंत पोहोचला. लँगची कागदपत्रे फ्रेंच वकिलाने लाटली, असा आरोप वॉरिंग्टनने केला आणि त्याने दोन वकिलातींमध्ये वैर पेटले. 1910 मध्ये फ्रेंच अधिकाऱ्यांनी चौकशी केली, तेव्हा लबेदाच्या वृद्ध पुतण्याने खुनाची हकिकत सांगितली आणि त्या जागेवर अस्थी सापडल्या. लँगची रोजनिशी मात्र आजवर मिळालेली नाही. बाबानीवरचा आरोप आजही लँगने आणि त्याच्या माणसांनी जे सांगितले, त्यावरच उभा आहे.