ओले हात

फर्स्ट इयरला ड्रॉइंग हॉलमध्ये माझी शीट लांबूनच ओळखू यायची. जिथे जिथे मनगट टेकलं तिथे तिथे कागद फुगलेला आणि पेन्सिल पसरलेली. सरांना वाटायचं, पोरगं चहा सांडतं. खरं कारण माझे तळहात. पंखा चालू असो, डिसेंबरची थंडी असो, हात ओलेच. ओरलच्या दिवशी तर बोटांवरून थेंब पडायचे, आणि रूमवर चप्पल काढली की फरशीवर पावलांचे ठसे.

सेकंड इयरला हजेरीच्या मशीनने माझं बोट ओळखायचं सोडून दिलं, तेव्हा कुठे मी त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, "झोपेत घाम येतो का?" मी म्हणालो, नाही. "घरात आणखी कुणाला?" वडिलांना. "मग घाबरू नका," त्या म्हणाल्या. तळहात-तळपायांच्या घामग्रंथी उन्हापेक्षा मनावरच्या ताणाला जास्त जुमानतात. काही जणांत मज्जातंतूंकडून त्यांना गरजेपेक्षा जास्त हुकूम जातात. ग्रंथी धडधाकट असतात, हुकूमच जास्त. झोपेत ते थांबतात म्हणून हात कोरडे होतात. याउलट रात्री अंग भिजत असेल, एकाच बाजूला घाम येत असेल, वजन घटत असेल किंवा छातीत धडधडत असेल, तर थायरॉइड, साखर वगैरे तपासावं लागतं.

मला ॲल्युमिनियम क्लोराइडचं २० टक्क्यांचं द्रावण मिळालं. हे घामाच्या नळीच्या तोंडाशी बारीक बूच तयार करतं. मी काय केलं? मेसमधून आलो, हात धुतले आणि तसंच लावलं. दहा मिनिटांत अशी आग झाली की नळाखाली हात धरून बसलो! चूक माझीच. हे रसायन पाण्याशी मिळालं की हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं. शिवाय जागेपणी घाम वाहत असेल, तर तो औषध बाहेर ढकलतो आणि बूच बसतच नाही.

मग पद्धत बदलली. हात जेवणानंतर धुवायचे, झोपायच्या आधी नाही. अंथरुणावर पडण्याआधी पंख्याखाली पूर्ण सुकवायचे, पातळ थर लावायचा, तो वाळू द्यायचा आणि झोपायचं. सकाळी धुवून टाकायचं. कापलेल्या किंवा खरचटलेल्या जागी लावायचं नाही. पहिला आठवडा रोज रात्री, मग एक रात्र सोडून, आणि फरक पडल्यावर आठवड्यातून एकदा-दोनदा. तळपायांना साधारण आठ-दहा दिवसांत बराच फरक पडला. तळहातांना मात्र थोडाच. मॅडम म्हणाल्या, तळहातांचं असंच असतं.

पुढची पायरी होती आयंटोफोरेसिस. नाव मोठं, यंत्र साधं. नळाच्या पाण्याचे दोन उथळ ट्रे, प्रत्येकात एक इलेक्ट्रोड, एकेका ट्रेत एकेक तळहात. १५ ते २० मिलिॲम्पिअर डीसी करंट, २० मिनिटं, आठवड्यातून तीनदा. ॲनोडच्या बाजूचा हात आधी सुकतो, म्हणून अधूनमधून पोलॅरिटी उलटी करतात. अंगठी काढून ठेवायची, जखमेला व्हॅसलिन लावायचं. मुंग्या येतात, तेवढंच. सातव्या सिटिंगनंतर माझे हात पहिल्यांदा दिवसभर कोरडे राहिले. पण उपचार थांबवला की दोन-तीन आठवड्यांत घाम परत येतो, त्यामुळे आता आठवड्याला एक सिटिंग चालू आहे.

हे ऐकून आमच्या रूम पार्टनरमधला इलेक्ट्रिकलवाला जागा झाला. "अरे, चार्जर आणि दोन स्टीलच्या थाळ्या, रविवारी बनवून देतो!" मी हात जोडले. एका हातातून दुसऱ्या हातात जाणारा करंट छातीतून जातो. चार्जरचं इन्शुलेशन दगा देईल त्या दिवशी ट्रेमध्ये मेन्स उतरेल. म्हणून यंत्र दवाखान्यातलं किंवा डॉक्टरांनी सुचवलेलंच. पेसमेकर असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि फिट येणाऱ्यांनी हा उपचार घेऊच नये.

राहिले पाय. बूट दिवसभरात भिजतात आणि रात्रीत वाळत नाहीत, म्हणून दोन जोड आलटून पालटून. कॉलेजातून आल्यावर मोजे लगेच बदलायचे, बोटांच्या बेचक्या टॉवेलने पुसायच्या. टाचेवर सुई टोचल्यासारखे बारीक खड्डे आणि उग्र वास आला, तर तो जंतुसंसर्ग असतो. तो पावडरने जात नाही, डॉक्टरांना दाखवावा लागतो.

घामाच्या नसा कापण्याचं ऑपरेशनही आहे. हात कोरडे होतात, पण पाठ-पोट भिजू लागण्याचा धोका मोठा आणि कापलेली नस पुन्हा जोडता येईलच असं नाही. म्हणून ते सगळ्यात शेवटी.

परवा मशीनने माझं बोट पहिल्या झटक्यात ओळखलं. आता लेट मार्कला सबब उरली नाही, एवढाच तोटा!