जनरल रजिस्टरमधले एक अक्षर

मुलीचे नाव ऋतुजा. जन्म दाखल्यावर आणि आधारवर ते तसेच आहे, इंग्रजीत Rutuja. पहिलीच्या प्रवेशावेळी शाळेच्या रजिस्टरमध्ये मात्र ‘रितुजा’ लिहिले गेले. पुढे त्यावरूनच यूडायसच्या संगणकीय नोंदीत Rituja चढले. आई-वडिलांना ते कळले सातवीत, मुलीचा अपार क्रमांक तयार होईना तेव्हा. आधारवरचे आणि शाळेतले नाव जुळत नव्हते.

अशा वेळी बहुतेक पालक प्रगतिपुस्तक घेऊन वर्गशिक्षकांकडे जातात. ते पुढच्या प्रगतिपुस्तकावर नाव नीट लिहितात आणि काम झाले असे वाटते. पण शाळेतली मूळ नोंद असते जनरल रजिस्टरमध्ये. प्रवेश घेताना प्रत्येक मुलाला त्यात एक क्रमांक मिळतो. बोनाफाईड आणि शाळा सोडल्याचा दाखला त्याच ओळीवरून लिहिला जातो. म्हणून अर्जात ‘नाव दुरुस्त करावे’ एवढेच न लिहिता कोणत्या नोंदीत, काय आहे आणि काय हवे, हे नेमके लिहावे लागते. तो अर्ज असा लिहिता येईल:

प्रति,
मा. मुख्याध्यापक,
(शाळेचे नाव व पत्ता)

विषय : जनरल रजिस्टरमधील विद्यार्थिनीच्या नावातील लेखनदोष दुरुस्त करण्याबाबत.

महोदय,
माझी मुलगी आपल्या शाळेत इयत्ता सातवी, तुकडी ‘ब’मध्ये शिकत आहे. तिचा जनरल रजिस्टर क्रमांक ____ आहे. रजिस्टरमध्ये तिचे नाव ‘रितुजा’ असे नोंदले गेले आहे. जन्म दाखल्यानुसार ते ‘ऋतुजा’ (इंग्रजीत Rutuja) असे आहे. वडिलांचे नाव, आडनाव व जन्मतारीख यांच्या नोंदी बरोबर आहेत.

तरी शिक्षणाधिकाऱ्यांच्या मान्यतेसाठी प्रस्ताव पाठवून ही नोंद दुरुस्त करावी व त्यानुसार यूडायसमधील नावही बदलावे, ही विनंती. जन्म दाखला, आधार कार्ड व प्रतिज्ञापत्र सोबत जोडले आहे.

आपली विश्वासू,
(पालकाची सही, नाव, दिनांक)

‘बाकीच्या नोंदी बरोबर आहेत’ हे वाक्य मुद्दाम घातले आहे. त्यामुळे मागणी एका अक्षरापुरती आहे, हे वाचणाऱ्याला लगेच कळते. अर्ज दोन प्रतींत द्यावा आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख व शिक्का घ्यावा. प्रतिज्ञापत्र लागेल का, हे आधी शाळेच्या कार्यालयात विचारावे. प्रवेश अर्जही पाहून घ्यावा. त्यावर नाव बरोबर असेल तर चूक उतरवून घेताना झाली, याचा पुरावा शाळेतच सापडतो.

मुख्याध्यापक ही नोंद स्वतःच्या अधिकारात का बदलत नाहीत, असा प्रश्न पडतो. महाराष्ट्रातल्या माध्यमिक शाळा संहितेप्रमाणे रजिस्टरमधले नाव, जात किंवा जन्मतारीख बदलण्यासाठी शिक्षणाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मुंबईत असे प्रस्ताव शिक्षण निरीक्षकांकडे जातात. परवानगी आल्यावरही जुने नाव पुसून टाकायचे नसते. ते वाचता येईल असे ठेवून दुरुस्ती लिहायची, शेऱ्यात आदेशाचा क्रमांक व तारीख नोंदवायची आणि मुख्याध्यापकांनी सही करायची, अशी ही रीत. सही नसलेली खाडाखोड पुढे पडताळणीत संशयाचे कारण ठरते.

या अर्जाने सगळेच सुटत नाही. जन्म दाखल्यावरच नाव चुकले असेल, तर आधी ग्रामपंचायत किंवा महापालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदणी कार्यालयात ते दुरुस्त करून घ्यावे लागते. शाळा त्या दाखल्याच्या आधारेच चालते. नाव बरोबर लिहिलेले आहे, पण आता दुसरेच ठेवायचे आहे, तर ती लेखनातली चूक नव्हे. तो नावबदल, त्याला राजपत्राचा मार्ग आहे.

वेळही महत्त्वाची आहे. दहावीचा परीक्षा अर्ज शाळेतल्या माहितीवरूनच भरला जातो. परीक्षेआधी बोर्डाची प्री-लिस्ट शाळेत तपासणीला येते. तिथेही चूक राहिली तर ती गुणपत्रिकेवर छापली जाते आणि मग शाळेबरोबर बोर्डाकडेही अर्ज करावा लागतो. मुलाने शाळा सोडल्यानंतर तर रजिस्टरमधली दुरुस्ती फारच अवघड होते. तेव्हा फक्त उघड दिसणाऱ्या लेखनचुकांना वाव राहतो आणि तोही कागदोपत्री पुराव्यावर.

‘झाले आहे’ असे तोंडी सांगितल्यावर थांबू नये. जनरल रजिस्टरचा निर्गम उतारा मागावा. त्यात सुधारलेले नाव आणि आदेशाचा क्रमांक दोन्ही दिसले, तर नोंद खरोखर बदलली आहे. मग यूडायसमधले नाव आधारशी अक्षर न् अक्षर ताडून पाहावे, कारण रजिस्टर सुधारले म्हणून संगणकावरचे नाव आपोआप सुधारत नाही.